शनिवारची पिग्मी

आमच्या घरात गेली बावीस वर्षे हिशेबाचे खाते सौभाग्यवतींकडे आहे, कारण त्या एका पतपेढीत काम करतात आणि मी केवळ पगार मिळवतो. त्यामुळे डॉक्टरांनी मला आठ किलो वजन उतरवण्यास सांगितले आणि दिवसाला १८०० कॅलरींची मर्यादा आखून दिली, तेव्हा ती चिठ्ठी आपोआप त्यांच्या ताब्यात गेली. माझ्या वयाच्या, उंचीच्या आणि दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या गृहस्थाचे शरीर साधारण २२०० कॅलरी खर्च करते, म्हणजे रोज ४०० ची तूट पडेल आणि वजन हळूहळू उतरेल, असा तो सरळ हिशेब होता.

सोमवार ते शुक्रवार हा हिशेब सुरळीत चालत असे. शनिवारी संध्याकाळी मात्र आमची चार मित्रांची बैठक असते. तीत दोन लार्ज, चखणा आणि त्यानंतर मालवणी जेवण हा क्रम इतका पक्का आहे की त्यात बदल सुचवणारा माणूस पाचवा ठरतो. पहिल्या पेगाबरोबर १८०० ची मर्यादा ओलांडली जाई आणि व्रत मोडलेच आहे तर आता कशाला हात आखडायचा, या विचाराने मी रविवारची मिसळसुद्धा त्याच खड्ड्यात घालत असे. प्रायश्चित्त म्हणून सोमवारी उपास धरून पाहिला, परंतु एकादशी आणि दुप्पट खाशी हे आमच्या संस्कृतीने आधीच जाणून ठेवले असल्यामुळे दुपारी दोन वाजता साबुदाण्याच्या खिचडीने आणि त्यातल्या दाण्याच्या कुटाने उपासाचा पुरता निकाल लावला.

महिनाभर काटा जागचा हलला नाही, तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, तुम्ही दर आठवड्याला कर्ज काढता आणि सोमवारी फेडायचे म्हणता. आमच्याकडे असे कर्जदार पुष्कळ आहेत. त्यापेक्षा पिग्मी भरा."

पिग्मी म्हणजे दुकानदाराकडून रोज थोडी थोडी गोळा केली जाणारी ठेव. रोजचे १८०० हे आठवड्याचे १२,६०० होतात. त्यांतून सोमवार ते शुक्रवार रोज २०० बाजूला टाकायचे आणि १६०० वर राहायचे, म्हणजे शनिवारपर्यंत १००० जमतात आणि त्या दिवशी १८०० ऐवजी २८०० खर्चता येतात. रविवार पुन्हा १८०० चा. एकूण आकडा तोच, फक्त पैसे आधी भरायचे. हे २०० कुठून काढायचे यावर आमच्यात चर्चा झाली आणि माझी दुपारची एक पोळी व चार वाजताच्या चहाबरोबरची बिस्किटे यांचा बळी गेला. वरण, दही आणि अंडी यांना हात लावायचा नाही, असा त्यांचा हुकूम होता, कारण प्रथिने कापली की भूक बळावते आणि वजन उतरताना स्नायूही झिजतात. शनिवारचे दुपारचे जेवण टाळून एकदम मोठी रक्कम वाचवण्याची माझी युक्तीही त्यांनी फेटाळली. रिकाम्या पोटी दारू भराभर रक्तात उतरते आणि मग चखण्यावरचा माणसाचा ताबा सुटतो, हा अनुभव माझ्यापेक्षा त्यांनाच अधिक होता, कारण मला अशा वेळचे फारसे आठवत नाही.

दारूचा हिशेब करणे वाटते तितके कठीण नाही. एक ग्रॅम मद्यार्कात सात कॅलरी असतात आणि बाटलीवर मद्यार्काचा टक्का छापलेला असतो. आमच्या व्हिस्कीवर ४२.८ टक्के असे लिहिलेले आहे. ६० मिलिलिटरच्या लार्जमध्ये सुमारे २६ मिलिलिटर मद्यार्क येतो, तो पाण्याहून हलका असल्यामुळे त्याचे वजन २० ग्रॅमच्या आसपास भरते आणि कॅलरी होतात साधारण १४५. साध्या सोड्यात काही नसते, मात्र गोड शीतपेय ओतले तर त्यातील साखर वेगळी मोजावी लागते. म्हणजे दोन लार्जचे २९०. हा आकडा पाहून मला एखाद्या निर्दोष सुटलेल्या आरोपीप्रमाणे वाटले. दिवसभरात १०००, पेय २९०, सुरमई, कोंबडीचा रस्सा आणि एक भाकरी यांचे मिळून ९००, तरीही ६०० हून अधिक शिल्लक!

त्या शनिवारी बैठक आमच्याच घरी होती. सौभाग्यवतींनी माझ्यापुढे मसाला शेंगदाण्यांची वाटी ठेवली आणि आत निघून गेल्या. ती वाटी त्यांनी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून आणली होती, हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळले. वाटीतले १५० ग्रॅम दाणे मी एकट्याने संपवले होते. शंभर ग्रॅमला पावणेसहाशेच्या आसपास, म्हणजे साडेआठशे कॅलरी! ज्या व्हिस्कीला मी वर्षानुवर्षे दोष देत आलो, तिच्या जवळजवळ तिप्पट शेंगदाण्यांनी गिळले होते आणि जेवणापूर्वी मी काहीच खाल्ले नाही, असे मी शपथेवर सांगितले असते.

लेखापरीक्षण तिथेच थांबले नाही. त्यांनी मला नेहमीच्या पेल्यात नेहमीच्या अंदाजाने पाणी ओतायला लावले आणि ते औषधाच्या मापाने मोजले. माझे साठ हे पंच्याऐंशी निघाले. म्हणजे दोन लार्जचे २९० नव्हे, तर ४१०. सगळे जोडून शनिवार ३१६० वर गेला, ठेवीपेक्षा ३६० अधिक.

पूर्वी एवढ्यावर मी हात टेकले असते. पण आठवड्याच्या वहीत हे उलगडून पाहिले, तेव्हा ठरवलेली तूट २८०० ची होती आणि ती २४४० झाली होती. खाते अजून जमेतच होते, म्हणून रविवारी मिसळीच्या वाटेला न जाता मी निमूटपणे १८०० वर राहिलो. सोमवारी काट्याने एक किलो चारशे ग्रॅम वाढ दाखवली, तेव्हा माझा धीर पुन्हा सुटला होता. परंतु तेवढी चरबी साठायला दहा हजारांहून अधिक कॅलरी जास्तीच्या लागतात आणि तेवढे मी चार मित्रांचे मिळूनही खाल्ले नव्हते. ते खाऱ्या दाण्यांनी आणि रश्शातील मिठाने धरून ठेवलेले पाणी होते. गुरुवारपर्यंत ते उतरले. आता मी शुक्रवारचे वजन मागच्या शुक्रवारशीच ताडून पाहतो आणि सोमवारी काट्याकडे पाठ करून दात घासतो.

मध्यंतरी मला वाटले की दोन आठवडे ठेव भरून चार लार्जची एकच बैठक करावी. पिग्मीचे नियम मी त्यांनाच ऐकवत होतो. त्यावर त्या म्हणाल्या, "कॅलरींचे खाते पुढे ओढता येईल हो, पण तुमच्या यकृताचे खाते आमच्या पेढीत नाही. ते त्या रात्रीचे त्या रात्रीच मोजते." प्रस्ताव नामंजूर झाला.

सध्या माझ्याकडे एक पितळी पेगमाप आहे आणि माझे शेंगदाणे ३० ग्रॅमच्या डबीत मोजून येतात. मित्र हसतात. गेल्या शनिवारी त्यांच्यापैकी एकाने मात्र निघताना हळूच विचारले, "वहिनी नवीन खाती उघडतात का?"