साईड स्टँडवर दिसणारी ऑइलची काच: सांगलीच्या वाचकांना उत्तर

इंजिनाच्या बाजूला ऑइलची पातळी दाखवणारी छोटी काच असते. ती साईड स्टँडवर बघून ऑइल टाकू नका, गाडी सरळ उभी करून बघा, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर आलेलं हे पत्र.

“सर, तुमचा लेख उगाच भीती घालणारा वाटला. माझी 150 सीसीची गाडी आहे, काच उजव्या बाजूला. सकाळी गार गाडी डबल स्टँडला लावून बघितली तर ऑइल दोन रेषांच्या मधोमध. संध्याकाळी कामावरून आल्या आल्या बघितलं तर काचेत जेमतेम तळाला. फिटरकडे गेलो, त्याने साईड स्टँडवरच बघितलं, काच रिकामी. मग काच अर्धी दिसेपर्यंत जवळजवळ 400 मिली ऑइल टाकलं. आठवडा झाला, गाडी पळतेय. घरी डबल स्टँडवर बघितलं की काच काठोकाठ भरलेली दिसते. वीस वर्षं काम करणारा माणूस चुकतो आणि काच खरं सांगते, असं कसं?” — एक वाचक, विश्रामबाग, सांगली

नमस्कार. पहिली विनंती अशी की हे उत्तर वाचून होईपर्यंत गाडी लांब नेऊ नका. तुम्ही आकडे इतके नेमके दिलेत, की त्यावरूनच हिशेब मांडता येतो.

साईड स्टँडवर गाडी डावीकडे कलते. आपल्याकडच्या गाड्यांमध्ये हा कल साधारण 10 अंशांचा धरायला हरकत नाही. ऑइल तळाशी सपाट राहतं आणि इंजिन त्याच्याभोवती कलतं. म्हणजे डावी बाजू खाली जाते, उजवी वर उचलली जाते, आणि तुमची काच उजवीकडे आहे. ती इंजिनाच्या मध्यापासून अंदाजे 15 सेंमी लांब असेल, तर 10 अंशांच्या कलाने ती ऑइलच्या पातळीपेक्षा सुमारे 2.6 सेंमी वर जाते. काच स्वतः जेमतेम 2 सेंमी उंच. त्यामुळे ऑइल अगदी बरोबर असलं तरी साईड स्टँडवर काच रिकामीच दिसायला हवी. तुमच्या फिटरला जे दिसलं, ते बरोबर भरलेल्या इंजिनाचं चित्र होतं.

आता पुढचं बघा. सकाळी पातळी मधोमध होती. साईड स्टँडवर काच अर्धी करायची, म्हणजे पातळी तेवढीच 2.6 सेंमी वर चढवायची. त्याला 400 मिली लागलं, म्हणजे तुमच्या इंजिनात 1 सेंमी चढायला ढोबळमानाने 150 मिली ऑइल लागतं. दोन रेषांमधलं अंतर सेंटीमीटरभर धरलं, तर मध्यापासून वरच्या रेषेपर्यंत जागा होती फक्त 75 मिलीची. बाकीचं सव्वातीनशे मिली जादा आहे. ज्या इंजिनात एकूण ऑइलच लिटरभराच्या आसपास बसतं, त्याला हे फार झालं.

संध्याकाळच्या काचेचंही कारण आहे. इंजिन चालू असताना पंप ऑइल वर हेडपर्यंत चढवतो. गाडी बंद केल्यावर ते भिंतींवरून, चेनच्या पोकळीतून सावकाश खाली उतरतं. आल्या आल्या बघितलं तर बरंचसं ऑइल अजून वरच असतं. म्हणून इंजिन चार-पाच मिनिटं जागेवर चालवायचं, बंद करायचं, दोन-तीन मिनिटं थांबायचं आणि मग बघायचं. सकाळच्या गार गाडीचं तुमचं वाचन फारसं चुकीचं नव्हतं. रात्रभरात सगळं ऑइल खाली आलेलं असतं, आणि गार झाल्यामुळे ते किंचित आकसतं. 50 अंशांच्या फरकाला लिटरमागे सुमारे 35 मिली. तरी गरम करून बघायची सवय बरी, कारण नवीन ऑइल टाकल्यावर फिल्टर आणि नळ्या भरल्याशिवाय खरी पातळी कळत नाही.

माझ्या मूळ लेखात एक गोष्ट राहिली, ती तुमच्यामुळे आज लिहितो. काठोकाठ भरलेली काच आणि पूर्ण रिकामी काच पहिल्या नजरेला सारखीच दिसते. दोन्हींत ऑइलच्या पातळीची रेषा दिसत नाही. जुन्या गाडीत काच आतून तपकिरी झालेली असेल तर फसगत अजून वाढते. तेव्हा गाडी सरळ धरून हळूच डावीकडे कलवायची आणि दुसऱ्या कोणाला उजवीकडून काचेकडे बघायला सांगायचं. कलवताना वरून रेषा उतरली तर काच भरलेली होती. काहीच हललं नाही तर थोडं उजवीकडे कलवा. खालून ऑइल चढलं तर काच रिकामी होती. साईड स्टँडचा उपयोग असेल तर तो उलटा: तिथेही काचेत ऑइल दिसत असेल, तर ते नक्की जास्त आहे.

गाडी पळतेय हे खरं, पण पिस्टन खाली येताना इंजिनाच्या पोटातली हवा दाबतो. ती हवा ब्रीदर पाइपमधून एअर फिल्टरच्या डब्यात जाते. जादा ऑइल असलं की ते हवेबरोबर तिकडे ढकललं जातं. फिरणारी क्रँक ऑइलात बुडाली तर फेस होतो, आणि फेस बेअरिंगला नीट वंगण देत नाही. सीलवरही दाब येतो. माझ्या स्वतःच्या गाडीत एकदा असंच जास्त भरलं गेलं होतं. पुण्याहून येताना खंबाटकी घाटात मागून निळसर धूर सुरू झाला. साताऱ्यात येऊन फिल्टर उघडला तर कागद ऑइलने चिंब, बदलावाच लागला. तुम्ही आधी एअर फिल्टरच्या डब्याखाली लोंबणारी टोपीची छोटी नळी बघा. तिच्यात काळं ऑइल साठलं असेल तर फिल्टरही उघडून बघा.

ऑइल काढायला मेडिकलमधून 50 मिलीची मोठी सिरिंज आणि तिच्या तोंडावर बसेल अशी बारीक नळी घ्या. इंजिन बंद, कोमट, गाडी डबल स्टँडवर. ऑइल टाकायच्या तोंडातून नळी तळाकडे सरकवा, अडली तर जोर करू नका. सहा सिरिंज, म्हणजे 300 मिली काढून स्वच्छ बाटलीत ठेवा. मग इंजिन चालवा, थांबा, बघा. त्यानंतर एकेक सिरिंज काढत रेषा मधोमध आणा. नळी आत पोचतच नसेल तर फिटरकडूनच खालचा ड्रेन बोल्ट सैल करून घ्या, वॉशर नवा टाकायला सांगा. आणि त्याच्याशी भांडू नका. ज्या गाड्यांना काच नसून ऑइल मोजायची पट्टी असते, त्या दिवसभर हाताळून काचेकडे बघायची सवय अनेकांची राहत नाही. आपल्या बहुतेक स्कूटरना तर पट्टीच असते.

एक शेवटचं, जागेबद्दल. माझं घर अजिंक्यताऱ्याच्या उतारावर, तिथे सपाट फरशी शोधावी लागते. सांगली सपाट असली तरी पार्किंगच्या फरशीला पाणी वाहून जायला उतार दिलेला असतो. आडवा 2 अंशांचा उतारसुद्धा काचेत 5 मिलिमीटर फरक दाखवतो, म्हणजे तुमच्या गाडीत 75 मिली. म्हणून एकदा बघून झालं की गाडी त्याच जागी तोंड फिरवून उलटी लावा, पुन्हा बघा, आणि दोन्ही वाचनांचा मध्य धरा. किती सिरिंज निघाल्या ते इथेच कळवा, माझा 150 मिलीचा अंदाज कितपत बसला ते मलाही बघायचं आहे.