सर्व्हिसच्या आठवणीचे मेसेज: ग्राहकाच्या तक्रारीला गॅरेजचं उत्तर

ग्राहक: काम चांगलं, पण यांचा व्हॉट्सॲप बॉट मागे लागतो. रात्रपाळी करून झोपलो की सकाळी अकराला मेसेज. ‘बंद’ लिहिलं, तर गाडी तयार झाल्याचाही निरोप आला नाही, उद्यमबागहून फुकटचा हेलपाटा. नंबर जाहिरातीला दिला नव्हता.

गॅरेज मालक: नमस्कार. हेलपाटा पडला त्याचं वाईट वाटलं, म्हणून आधी ‘बंद’चंच सांगतो.

हा शब्द आला की बॉट त्या नंबरवरचं सगळं थांबवतो. हे मुद्दाम ठेवलंय. नको म्हणणाऱ्याला “नक्की का, कारण सांगा” असं विचारत बसलं की माणूस सरळ ब्लॉक करतो, आणि त्याचं बरोबरच आहे. आपल्या बेळगावात कोण ‘नको’ लिहितं, कोण कानडीत ‘साकु’ नाहीतर ‘बेड’. ते सगळे शब्द यादीत घातलेत. त्यानंतर एकच पोच जाते, तिच्याखाली दोन बटणं असतात: ‘फक्त आठवण बंद’ आणि ‘सगळंच बंद’. काहीच दाबलं नाही तर सगळंच बंद राहतं. तुमचा निरोप तिथं अडला. आता अशा नंबरच्या जॉबकार्डावर ‘फोन करणे’ असा शिक्का मारतोय, म्हणजे गाडी धुऊन झाली की काउंटरवरचा पोरगा फोन करेल.

अकराची वेळ दुकानदार-नोकरदारांच्या सोयीची. रात्रपाळीवाल्यासाठी जॉबकार्डावर सकाळ की संध्याकाळ असा रकाना आहे. पाळी बदलत असेल तर संध्याकाळच लिहा, मेसेज सहाला येईल.

मागे लागण्याबद्दल म्हणाल, तर बॉटला तुमचं मीटर दिसत नाही ओ. मागच्या दोन जॉबकार्डांवरनं तो अंदाज काढतो. समजा एखादी गाडी 80 दिवसांत 2,400 किलोमीटर चालली, म्हणजे रोजची 30. पुढची सर्व्हिस आणखी 3,000 किलोमीटरनंतर असेल, तर ती मागच्या सर्व्हिसपासून 100 दिवसांनी येते. पहिली आठवण 93व्या दिवशी, उत्तर नाही आलं तर दुसरी 107व्या दिवशी, तिसरी नाही. गाडी महिनाभर घरात उभी असली, नाहीतर खानापुरात कुठं सर्व्हिस करून घेतली, तर अंदाज चुकतोच. त्यासाठी मेसेजखाली ‘झाली’ आणि ‘महिन्याने सांगा’ अशी बटणं आहेत. ‘झाली’ दाबलं की दुसरी आठवण जात नाही.

जाहिरात मात्र त्यात नसते. आठवणीत “ऑइलवर सूट” एवढं एक वाक्य घातलं तरी व्हॉट्सॲप तो मेसेज जाहिरातीत धरतं आणि आमचे पैसे जास्त जातात. सूट असली तर दुकानाबाहेरच्या फलकावर लिहितो.

तुमच्या नंबरवर अजून सगळंच बंद आहे. फक्त गाडी तयार झाल्याचा निरोप हवा असेल, तर त्या पोचेतलं पहिलं बटण दाबा. ती पुसली असेल तर ‘चालू’ एवढंच लिहा, बटणं परत येतील.