दिवसाला गॅस किती रुपयांचा? उत्तर रुपयांत शोधू नका

सोसायटीच्या ग्रुपवर परवा चर्चा रंगली होती. एकीचं म्हणणं, आमचा गॅस दिवसाला एकोणीस रुपयांत भागतो. दुसरी म्हणाली, आमचा सव्वीसला. लगेच पहिलीला काटकसरीचं प्रशस्तिपत्र, दुसरीला सल्ले. पण पहिलीने हिशेब 2024 चा काढलेला आणि दुसरीने 2023 च्या उन्हाळ्यातला, हे कोणी विचारलंच नाही.

मुंबईत 14.2 किलोचा घरगुती सिलिंडर ऑगस्ट 2023 मध्ये 1102 रुपये 50 पैशांना होता. महिनाअखेर सरकारने 200 रुपये कमी केले, मार्च 2024 मध्ये आणखी 100, आणि एप्रिल 2025 मध्ये 50 रुपये वाढवले, तेव्हा भाव 852.50 झाला. आता एकच घर घ्या, जिथे टाकी दरवेळी 42 दिवस पुरते. त्या घराचा रोजचा खर्च आधी 26 रुपये 25 पैसे, मग 2024 मध्ये 19 रुपये 11 पैसे, मग 20 रुपये 30 पैसे. शेगडीवर काहीही बदललं नाही. तेच पोहे, तीच आमटी.

म्हणून माझं मत असं की किमतीला दिवसांनी भागून येणारा आकडा पाकिटासाठी ठीक आहे, स्वयंपाकघरासाठी नाही. त्यात दोन गोष्टी एकत्र कालवलेल्या असतात. भाव दिल्लीत ठरतो, दिवस आपल्या ओट्यावर ठरतात. आपल्या हातात आहे तेवढंच मोजायचं तर ग्रॅम मोजावेत. 14200 ग्रॅमला दिवसांनी भागा, झालं. आणि 852.50 च्या भावात एक सोय आहे: किलोला जवळपास बरोबर 60 रुपये पडतात, म्हणजे ग्रॅमला 6 पैसे. तोंडी हिशेब करता येतो, म्हणून पुढचे सगळे आकडे याच भावाने.

दिवस कुठून कुठे मोजायचे, इथेही गोंधळ असतो. मोबाइलवर आलेल्या डिलिव्हरीच्या मेसेजच्या तारखा धरून लोक दिवस काढतात. एकच सिलिंडर असेल तर ते चालून जातं. पण डबल सिलिंडर असेल, तर नवीन टाकी पंधरा दिवस बाल्कनीत उभी असते आणि हिशेब कुठल्या कुठे जातो. रेग्युलेटर ज्या दिवशी लावला, ती तारीख कॅलेंडरवर लिहा. पुढचा लावला की ती तारीख. मधलं अंतर म्हणजे दिवस.

शेजारच्या काकू हे वर्षानुवर्षं करतात. घरात चार माणसं. 2025 च्या त्यांच्या भिंतीवरच्या नोंदी: 12 जून, 24 जुलै, 31 ऑगस्ट, 12 ऑक्टोबर, 14 नोव्हेंबर. म्हणजे चार टाक्या अनुक्रमे 42, 38, 42 आणि 33 दिवस गेल्या. दुसरीत गणपती आला, 27 ऑगस्टला चतुर्थी होती, मोदक आणि येणारी-जाणारी माणसं. चौथीत दिवाळीचा फराळ. चकली-शेवेची कढई तासन् तास चालते, त्याला इलाज नाही आणि असूही नये.

आता रोजचा खर्च काढायचा, तर प्रत्येक टाकीचा वेगळा काढून त्यांची सरासरी घ्यायची नाही. तशी घेतली तर 22 रुपये 22 पैसे येतात. खरी रीत ही की सगळे पैसे एका बाजूला, सगळे दिवस दुसऱ्या बाजूला. चार टाक्यांचे 3410 रुपये, दिवस 155, भागाकार बरोबर 22 रुपये. फरक किरकोळ आहे, पण लवकर संपलेल्या टाकीला तिच्या दिवसांपेक्षा जास्त वजन मिळतं म्हणून तो पडतो, आणि टाक्यांच्या दिवसांत तफावत जास्त असेल तर तो वाढतो. ग्रॅममध्ये म्हणाल तर 56.8 किलो भागिले 155, म्हणजे दिवसाला साधारण 366 ग्रॅम. काकूंच्या घराचा हा आकडा भाव बदलला तरी कामाचा राहतो.

हे 366 ग्रॅम जातात कुठे? इथे मला सगळ्यात रस आहे, कारण बचतीच्या टिपा नेहमी चहा आणि कुकरच्या शिट्ट्यांभोवती फिरतात. एक लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळी येईपर्यंत तापवायला घरच्या शेगडीवर 12-13 ग्रॅम गॅस लागतो, ज्योतीची निम्मी-अर्धी उष्णता भांड्याबाहेर जाते असं धरूनच. म्हणजे 75 पैसे. चहावर कात्री लावून काय मिळणार?

अंघोळीचं पाणी मात्र वेगळी गोष्ट. पंधरा लिटरची बादली फक्त वीस अंशांनी तापवायची म्हटली, तरी त्याच हिशेबाने 50 ग्रॅम लागतात. तीन रुपये. चार माणसांच्या चार बादल्या म्हणजे रोज 200 ग्रॅम, 12 रुपये. काकूंच्या घरात हे पाणी विजेच्या गीझरवर तापतं. शेगडीवर तापवलं असतं तर रोजचे 366 ग्रॅम 566 झाले असते आणि टाकी 25 दिवसांत संपली असती. तेव्हा एकीकडे 42 दिवस आणि दुसरीकडे 25 असं ऐकलं, की मी फोडणी विचारत नाही, अंघोळीचं पाणी कशावर तापतं ते विचारतो.

दिवस अचानक कमी झाले आणि घरात पाहुणे नव्हते, फराळ नव्हता, तर दोन गोष्टी बघा. ज्योत निळ्याऐवजी पिवळी आहे आणि भांड्यांच्या बुडाला काजळी धरते आहे का? तसं असेल तर बर्नरमध्ये कचरा अडकलाय किंवा हवा कमी मिळतेय. गॅस पूर्ण जळत नाही. वास येत असेल तर हिशेब बाजूला ठेवा, रेग्युलेटर बंद करा आणि खिडक्या उघडा. दुसरी गोष्ट वजन. टाकीच्या वरच्या कड्याला धरणाऱ्या पट्टीवर रिकाम्या टाकीचं वजन लिहिलेलं असतं, समजा 15.8 किलो. मग भरलेली 30 किलो भरली पाहिजे. गॅसवाल्याकडे काटा असायला हवा. दारातच वजन करून घ्या, तो पुढच्या घरी गेल्यावर नाही. एक किलो कमी भरली तर 60 रुपये आणि काकूंच्या घरचे पावणेतीन दिवस गेले.

शहराबाहेर हा भागाकार वेगळीच थाप मारतो. उज्ज्वलाच्या कनेक्शनवर टाकी तीन महिने गेली असं दिसतं, 300 रुपयांची सबसिडी वजा जाता दिवसाला सहा-सव्वासहा रुपये. कोणी म्हणेल काय काटकसर! पण त्या घरात भाकरी आणि अंघोळीचं पाणी चुलीवर होत असतं. सरपणाचे रुपये कोणी मांडत नाही, ते गोळा करणारीचे तास तर नाहीच नाही. सगळा स्वयंपाक गॅसवर आला आणि टाकी 33 दिवसांवर आली, तर 2025-26 साठी ठरलेले सबसिडीचे नऊ सिलिंडर 297 दिवस पुरतात. उरलेल्या 68 दिवसांचा भाव पूर्ण.