पहिला माहितीचा व्हिडिओ आणि फुकटची एडिटिंग ॲप्स: निवड कशावरून करायची

निफाड-पिंपळगावकडचे द्राक्षवाले असोत, गंगापूर रोडला क्लास घेणारे सर असोत की घरून ब्लाउज शिवायला शिकवणाऱ्या ताई असोत, व्हिडिओ करायचं ठरलं की पहिला प्रश्न एकच: "फुकटातलं कोणतं ॲप चांगलं?" मग कोणीतरी इफेक्ट, ट्रान्झिशन आणि फिल्टर यांची यादी सांगतं. माझं मत असं की शिकवायच्या व्हिडिओत या यादीचा उपयोग जवळपास शून्य आहे. तिथे कामं तीनच असतात. नको तो भाग कापायचा, नीट आवाज बसवायचा आणि मराठी अक्षरं व बाण योग्य जागी ठेवायचे. ही तीन कामं जे ॲप त्रास न देता करतं ते चांगलं.

आधी एक गोष्ट मिटवून टाकू. यूट्यूबवर शिकवणारे अर्धे लोक कॅपकट दाखवतात, पण ते भारतात २०२० पासून बंद आहे. कुठल्यातरी साइटवरून त्याची एपीके फाइल उतरवून घेण्याचे सल्ले मिळतील. त्या नादाला लागू नका. त्याच फोनमध्ये तुमचं बँकेचं ॲप असतं.

उरतात ती कामाची चार: व्हीएन, इनशॉट, कायनमास्टर आणि यूट्यूब क्रिएट. इन्स्टाग्रामचं एडिट्सही २०२५ मध्ये आलं आणि ते वॉटरमार्क टाकत नाही, पण त्याचा सगळा रोख उभ्या रीलवर आहे. पाच-सहा पायऱ्यांचं काम आडव्या व्हिडिओत दाखवायचं असेल तर ते तूर्त बाजूला ठेवा.

तुलना हवेत नको म्हणून एक खरं काम घेऊ. विषय आहे ठिबकचा जाळीचा फिल्टर कसा धुवायचा. द्राक्षबागेत हे काम सारखं असतं आणि नव्या माणसाला ते दाखवावंच लागतं. यात सहा शॉट लागतात. फिल्टरच्या अलीकडचा आणि पलीकडचा प्रेशर गेज, मोटर बंद करून दाब शून्यावर आलेला काटा, झाकणाचा क्लॅम्प उघडणं, बाहेर काढलेली जाळी आणि तिच्यावरचा गाळ, मऊ ब्रशने आतून-बाहेरून धुणं, आणि शेवटी रबरी रिंग नीट बसवून झाकण लावणं. शूटिंग अकरा मिनिटांचं होईल, त्यातून साडेतीन मिनिटांचा व्हिडिओ काढायचा आहे.

ॲप उघडण्याआधी फोनच्या कॅमेऱ्यात १०८०पी आणि ३० फ्रेम ठेवा, एचडीआर व्हिडिओ बंद करा. ४के घेतलं तर साध्या फोनवर एडिटिंग करताना चित्र अडखळतं आणि कापायची जागा नेमकी सापडत नाही. एचडीआर चालू राहिला तर एक्सपोर्टनंतर रंग पांढुरके, विटलेले दिसतात, आणि लोक दोष ॲपला देतात. क्लिप दुसऱ्याने काढल्या असतील तर त्या व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून मागवू नका, डॉक्युमेंट म्हणून मागवा. नाहीतर त्या दाबून लहान केलेल्याच येतात आणि गेजवरचे आकडे वाचता येत नाहीत.

आता कापाकापी. ती चारही ॲपमध्ये जमते, पण फरक नंतर कळतो. समजा तिसऱ्या क्लिपवर तुम्ही "क्लॅम्प इथून सोडा" असं लिहून बाण ठेवला. मग लक्षात आलं की पहिली क्लिप दोन सेकंद लांब झाली आहे, म्हणून ती कापली. पुढच्या सगळ्या क्लिप दोन सेकंद अलीकडे सरकतात. अक्षरं आणि बाणही सोबत सरकले तर ठीक. ते जागीच राहिले तर बाण क्लॅम्पऐवजी भलत्याच नळीकडे बोट दाखवतो. कायनमास्टरमध्ये अक्षरांचा किंवा बाणाचा लेअर मुख्य क्लिपला बांधलेला असतो आणि हवा तर पिन करून एका वेळेला खिळवता येतो. बाकीच्या ॲपमध्ये ही वागणूक आवृत्तीनुसार बदलू शकते, म्हणून ऐकीव माहितीवर जाऊ नका. तीन फालतू क्लिप टाका, तिसरीवर एक शब्द लिहा, पहिलीतून दोन सेकंद उडवा आणि शब्द कुठे गेला ते बघा. मिनिटाभरात ॲपचा स्वभाव कळतो. तो कसाही निघाला तरी कामाचा क्रम एकच ठेवा. आधी सगळं कापून घ्या, मग आवाज, आणि अक्षरं सर्वात शेवटी. नवशिक्यांचे निम्मे घोळ हा क्रम उलटा केल्याने होतात.

आवाजाकडे मात्र नीट वेळ द्या. मोटरजवळ बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून हे निवेदन घरी बसून नंतर रेकॉर्ड करायचं. सलग साडेतीन मिनिटं बोलू नका. पायरीगणिक वेगळा तुकडा करा, म्हणजे चुकला तर तेवढाच पुन्हा बोलता येतो. व्हीएन, इनशॉट आणि कायनमास्टर तिघांतही टाइमलाइनवर काटा ठेवून थेट रेकॉर्ड करता येतं. संथ, समजेल अशा बोलण्यात मिनिटाला साधारण ११० ते १२० शब्द बसतात. म्हणजे साडेतीन मिनिटांना चारशेच्या आसपास शब्द पुरतात, आणि मध्ये नुसतं बघायला जागा सोडायची असेल तर साडेतीनशेच लिहा.

मग अडचण येते. "दोन्ही गेजमधला फरक साधारण ०.५ किलोच्या वर गेला की फिल्टर धुवायला झाला" हे वाक्य सहा-सात सेकंदांचं आहे, आणि गेजची क्लिप चारच सेकंदांची. क्लिप मंद केली तर हात थरथरल्यासारखा दिसतो. इथे Freeze वापरा. काटा स्थिर दिसतो त्या जागी क्लिप थांबवून तेवढं एक चित्र तीन सेकंद ताणायचं. हे व्हीएन आणि इनशॉटमध्ये सरळ मिळतं. शिकवायच्या व्हिडिओत मला हे बटण सगळ्या ट्रान्झिशनपेक्षा मोलाचं वाटतं, कारण थांबलेल्या चित्रावर बाण ठेवला की तो हलत नाही. याच्या उलट, ब्रशने धुण्याची दोन मिनिटांची क्लिप चौपट वेगाने पळवा, ती अर्ध्या मिनिटात संपते. तिचा मूळ आवाज पूर्ण बंद करा, नाहीतर किचकिच ऐकू येते. बाकी क्लिपचा आवाज दहा टक्क्यांवर ठेवला तर पाण्याचा, क्लॅम्पचा हलका आवाज राहतो आणि व्हिडिओ मुका वाटत नाही.

जागेवरच बोलणं भाग असेल तर यूट्यूब क्रिएटचा विचार करा. गुगलचं हे ॲप २०२३ मध्ये आलं, तेव्हा सुरुवातीच्या देशांत भारत होता. ते फुकट आहे, वॉटरमार्क टाकत नाही आणि त्यात पाठीमागची घरघर कमी करण्याची सोय आहे. पंख्याचा किंवा वाऱ्याचा एकसारखा आवाज बऱ्यापैकी जातो. पण मोटरच्या शेजारी उभं राहून बोललेलं ते वाचवू शकत नाही. जास्त घासलं की माणसाचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. असं ऐकू आलं की समजावं, पुन्हा रेकॉर्ड करणंच बरं.

मराठी अक्षरांबाबत एक गंमत आहे. ॲपमध्ये शंभर फॉन्ट दिसतात, पण देवनागरी लिहिलं की सगळे सारखेच दिसतात. कारण त्यातल्या बहुतेकांत देवनागरी अक्षरंच नसतात, आणि फोन गुपचूप स्वतःचा फॉन्ट लावतो. तेही चालतं, फक्त मोडकं दिसायला नको. "फिल्टर", "क्लॅम्प", "स्क्रीन" आणि "द्राक्ष" हे चार शब्द लिहून बघा. पहिली वेलांटी फ च्या उजवीकडे पडली किंवा जोडाक्षराचा पाय तुटून वेगळा उभा राहिला तर तो फॉन्ट टाकून द्या. वेगळं वळण हवं असेल तर गुगल फॉन्ट्सवरून Mukta किंवा Baloo 2 हा फॉन्ट उतरवा. दोन्ही फुकट आहेत आणि देवनागरीसाठीच नीट घडवलेले आहेत. व्हीएनमध्ये बाहेरची टीटीएफ फाइल आणता येते. डीटीपीवाल्याकडचे जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट इथे आणू नका, कीबोर्डवरून टाइप केलेलं त्यांना कळत नाही. अक्षराला काळी कडा किंवा मागे गडद पट्टी द्या, कारण भर उन्हात काढलेल्या शॉटवर नुसतं पांढरं अक्षर वाचता येत नाही.

फुकट या शब्दाचा प्रत्येक ॲपमधला अर्थ वेगळा आहे. कायनमास्टर ताकदीचं आहे, पण फुकटात त्याचा वॉटरमार्क कोपऱ्यात राहतो आणि पैसे भरल्याशिवाय जात नाही. इनशॉटमध्ये एक जाहिरात पाहिली की त्या व्हिडिओपुरता तो निघतो. व्हीएन वॉटरमार्क टाकतच नाही. पैसेवाल्या सोयी आता व्हीएनमध्येही आहेत, पण वर सांगितलेलं सगळं फुकट भागात होतं. जिथे कुठे मुकुटाची किंवा प्रोची खूण दिसेल तिथे हात लावू नका. असं एखादं ट्रान्झिशन टाकलेलं असतं आणि सगळं झाल्यावर एक्सपोर्टच्या दारात पैसे मागितले जातात. मग तीस क्लिपमध्ये ते शोधत बसायचं.

आता माझी निवड. आडवा, निवेदन असलेला, पायऱ्यांचा व्हिडिओ असेल तर व्हीएन. फोन जुना असेल आणि अनेक पट्ट्यांची टाइमलाइन बघून गोंधळायला होत असेल तर इनशॉट, जाहिराती सोसायची तयारी ठेवून. जागेवरचं बोलणं साफ करायचं असेल तर यूट्यूब क्रिएट. कायनमास्टर हे पैसे भरायला तयार असलेल्याचं ॲप आहे, फुकटवाल्याचं नाही.

कोणतंही घेतलंत तरी नवीन प्रोजेक्ट करताना आधी १६:९ हे प्रमाण ठरवा. ॲप बहुधा पहिल्या क्लिपवरून आकार धरतं, आणि पहिलीच क्लिप उभी असली तर पुढच्या आडव्या क्लिपना वर-खाली काळे पट्टे येतात. आणि व्हिडिओ पूर्ण होईपर्यंत गॅलरी साफ करू नका. ही ॲप्स सहसा मूळ क्लिपची प्रत ठेवत नाहीत, फक्त ती कुठे आहे हे लक्षात ठेवतात. क्लिप डिलीट केली किंवा मेमरी कार्डवर हलवली की प्रोजेक्टमध्ये त्या जागी नुसता काळा चौकोन उरतो. ॲपचा डेटा पुसला तर अर्धवट राहिलेली सगळी कामंही जातात.

एक्सपोर्ट करताना १०८०पी, ३० फ्रेम आणि बिटरेट ८ एमबीपीएस ठेवा. १०८०पी ३० फ्रेमसाठी यूट्यूब हाच आकडा सुचवतं, आणि व्हीएनमध्ये तो हाताने ठरवता येतो. साडेतीन मिनिटांची फाइल २१० एमबीच्या आसपास होईल. ५० एमबीच झाली तर बिटरेट कुठेतरी खाली राहिला आहे, पाण्याचे शिंतोडे आणि जाळी चौकटी-चौकटी दिसेल. चढवण्याआधी फाइल दुसऱ्याच्या साध्या फोनवर, हेडफोन न लावता ऐका. त्या छोट्या स्पीकरवर तुमचं बोलणं संगीताखाली दबत असेल तर संगीत आणखी कमी करा, किंवा सरळ काढून टाका. फिल्टर धुवायला संगीत लागत नाही.