शाळेत आगीची तयारी करताय? आधी कुलूप भारी घ्या

शनिवारी पोरीच्या शाळेत पालक सभा होती, दुसऱ्या मजल्यावर. सुटल्यावर पुढच्या जिन्यात ही गर्दी, म्हणून मी शहाणपणा करून कॉरिडॉरच्या टोकाला हिरवा बाण दिसला तिकडं वळलो. पळणारा माणूस, खाली 'बाहेर जाण्याचा मार्ग'. दोन मजले उतरलो तर खाली चॅनल गेट, त्याला कुलूप, आणि गेटला टेकून मोडके बेंच आणि गॅदरिंगचा थर्माकोलचा किल्ला. किल्ली कुठंय तर शिपाईमामांच्या खिशात. मामा कुठायत तर स्टेशनवर, पाहुणे आणायला. एप्रिलातलं सोलापूर, घामानं निथळत परत दोन मजले वर चढलो. तर त्या अनुभवातून सगळ्या शाळांसाठी काही सूचना.

मॉक ड्रिल वर्षातून एकदाच करा, गड्ड्याच्या जत्रेसारखी. आदल्या दिवशी ग्रुपवर मेसेज टाका, "उद्या ११ वाजता आग लागेल, युनिफॉर्म स्वच्छ असावा." पोरं उंचीप्रमाणं उभी करा, फोटो काढा. मधल्या सुट्टीत ड्रिल अजिबात नको, कारण पोरं तेव्हा वर्गात नसतात आणि आगीला टाइमटेबल माहीत असतं. जूनमध्ये पोरांचे वर्ग बदलतात, मजले बदलतात, म्हणजे गेल्या वर्षी पाठ केलेला रस्ता बाद होतो, पण जूनच्या पहिल्या पंधरवड्यात ड्रिल घ्यायची तर पुस्तकं कधी वाटणार?

घंटा मधल्या सुट्टीचीच वापरा. पोरं डबा घेऊन बाहेर येतील.

आग विझवायचं लाल सिलिंडर ऑफिसच्या कपाटामागं ठेवा, पोरं पिन काढतात.

बाण मात्र दाराच्या वर, छताला चिकटवूनच लावा. धूर पहिला छताशीच साठतो आणि तिथनं खाली उतरत येतो, म्हणजे पोरगं खाली वाकून चालायला लागलं की वरचा बाण दिसायचा प्रश्नच मिटला. गुडघ्याएवढ्या उंचीवर अंधारात चमकणारी पट्टी लावली तर काय, भिंतीचा रंग खराब होतो.

आता कुलूप. भारी कंपनीचं घ्या. चोर मागच्या जिन्यानंच येतात हे मान्य, दोन पंखे गेले होते म्हणे. अहो पण मग आतनं नुसत्या हातानं उघडेल असा कडी-बोल्ट बसवा की, बाहेरनं उघडत नाही, आतनं ढकललं की उघडतं, असली दारं मिळतात. आणि चॅनल गेट! ते बाजूला सरकवावं लागतं. मागनं शंभर पोरं रेटत असली की पुढचं पोरगं गेटला चिकटतं, सरकवणार कोण? म्हणून सुटकेचं दार बाहेरच्या बाजूला उघडणारं लागतं, रेटलं तरी उघडेल असं. आत उघडणारं दार गर्दीच बंद करते. आणि एक जिना बंद म्हणजे दोन्ही जिन्यांची पोरं एकाच जिन्यात. ड्रिल करायचीच तर न सांगता एक जिना बंद करून करा ना, घड्याळ लावा, कुठं कोंडतंय ते बघा! पण नाही. यांच्याकडं फॉर्म बी आहे. दर जानेवारी-जुलैला लायसन्सवाली एजन्सी यंत्रणा चालू असल्याचं लिहून देते तो. त्या कागदात किल्ली कुणाच्या खिशात आहे हे नसतं ओ.

शिक्षकांना कामं वाटून देऊ नका, सगळे मिळून ओरडले की झालं. घरी आल्यावर पोरीला सहज विचारलं, ड्रिलला काय केलं गं? म्हणाली, "बाबा मी टॉयलेटमध्ये होते. आले तर वर्गात कुणीच नव्हतं, मग मी बाकावर बसले."

बसली. आणि ग्राउंडवर टाळ्या वाजत होत्या.

आता सरळ बोलतो. वर्गशिक्षिकेनं बाहेर पडताना हजेरीपट उचलायचा आणि ग्राउंडवर नाव घेऊन मोजायचं. डोकी मोजू नका, नावं घ्या. ज्या सरांचा ऑफ तास आहे त्यांनी टॉयलेट, लॅब, ग्रंथालय बघत सगळ्यात शेवटी उतरायचं, कारण घाबरलेलं लहान पोरगं पळत नाही, लपतं. ऑफिसमधल्या एकानं मेन स्विच, एकानं १०१ ला फोन. नावं लिहून भिंतीवर लावा, आणि ते रजेवर असतील तर दुसरं नाव. एवढंच आहे, याला ग्रँट लागत नाही.

१६ जुलै २००४ ला तमिळनाडूत कुंभकोणमला शाळेच्या स्वयंपाकघरातली आग वरच्या झापांच्या छपराला लागली, ९४ पोरं गेली. लांब वाटतंय? मे २०२५ मध्ये आपल्याच अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात ८ माणसं गेली, तेव्हा अख्खं गाव हळहळलं आणि शाळेचं कुलूप तसंच राहिलं.

थर्माकोलचा किल्ला आजच्या आज हलवा. सोमवारी फी भरायला येतोय मी, मागच्या जिन्यानं उतरणार. किल्ली मागायला लावू नका.