ऑडिओचं बटण दिलं म्हणजे कॅप्चा सगळ्यांसाठी झाला असं नाही

समोर माणूस आहे की बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, हे तपासायला साइटवर जे कोडं घालतात तो कॅप्चा. त्याबद्दल तक्रार केली की साइटवाले म्हणतात, "कॅप्चात हेडफोनचं चिन्ह असतंच की, दिसत नसेल त्याने ऐकून टाइप करायचं. नाहीच जमलं तर बाजूच्या कुणाला तरी दोन सेकंद बघायला सांगायचं. कॅप्चा काढला तर साइटवर बॉट्सचा सुळसुळाट होईल, मूठभर लोकांसाठी एवढी रिस्क कोण घेणार?"

आधी हेडफोनच्या चिन्हाचं बघू. मी दिवसभर एनव्हीडीए या, स्क्रीनवरचं सगळं बोलून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर काम करते, त्यामुळे हे कानाला कसं लागतं ते सांगते. अख्खा फॉर्म भरून झाला, शेवटी "I'm not a robot" चा चेकबॉक्स आला, स्पेस दाबली. चित्रांचं कोडं उघडतं. त्या चित्रांना वर्णन नसतं आणि देताही येत नाही, कारण वर्णन लिहिलं की बॉटलाही आयतं उत्तर मिळालं. मग टॅब दाबत दाबत ऑडिओचं बटण शोधायचं, मग प्ले. क्लिप सुरू होते, आवाज मुद्दाम खरखरीत केलेला, आणि फोकस उत्तराच्या बॉक्सवर गेला रे गेला की स्क्रीन रीडर त्या बॉक्सचं नाव बोलायला लागतो, म्हणजे एकाच स्पीकरमधून दोन आवाज एकावर एक. टाइप करायला घ्यावं तर रीडर प्रत्येक अक्षर बोलून दाखवतो, तेवढ्यात क्लिपमधला पुढचा शब्द निघून गेलेला असतो. `NVDA+2` दाबून अक्षरं बोलणं बंद करता येतं, पण मग आपण काय टाइप केलं तेच कळत नाही. डोळस माणूस चित्र समोर ठेवून निवांत उत्तर देतो, आमच्याकडे प्रश्न आणि उत्तर दोन्ही एकाच कानातून जायचे असतात.

एवढं करून उत्तर दिलं की कधी "Multiple correct solutions required" ऐकू येतं, म्हणजे अजून एक क्लिप. आणि कधी क्लिप मिळतच नाही, सरळ "Your computer or network may be sending automated queries" असा मेसेज येतो आणि ऑडिओ बंद. शेअर्ड नेटवर्क किंवा व्हीपीएन असेल तर हे हमखास अनुभवाला येतं. डोळस माणसाला निदान चित्रं तरी दिसत राहतात, आमच्यासाठी तिथेच दार बंद. आणि ज्यांना दिसतही नाही, ऐकूही येत नाही, जे ब्रेल डिस्प्लेवर बोटांनी वाचतात, त्यांच्यासाठी या सगळ्यात एकही रस्ता नाही.

आता बाजूच्या माणसाचं. तो माणूस त्या क्षणी बाजूला असायला हवा हे सोडूनच द्या. कॅप्चा साधारण कुठे असतो? लॉगिन, नवीन खातं, पासवर्ड रिसेट. म्हणजे ज्या स्क्रीनवर माझा पासवर्ड आणि खाजगी माहिती आहे तीच स्क्रीन दुसऱ्याला दाखवायची. शिवाय "I'm not a robot" वाल्या गुगलच्या रीकॅप्चाचा टिक लागला तरी तो 2 मिनिटंच चालतो, तेवढ्यात सबमिट झालं नाही तर परत पहिल्यापासून. कुणाला हाक मारून आणा, टिक लावून घ्या, मग एखादी राहिलेली चूक दुरुस्त करा, तोवर वेळ संपलेली असते.

राहिले बॉट्स. ही भीती खोटी नाही, स्पॅमने वैतागलेले साइटवाले मीही बघते. पण कॅप्चा त्यांना अडवतो हेच मुळात डळमळीत आहे. 2017 मध्ये मेरीलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी अनकॅप्चा नावाचा प्रोग्राम केला, तो ऑडिओ क्लिप फुकट मिळणाऱ्या स्पीच रेकग्निशन सेवांना ऐकवायचा आणि साधारण 85 टक्के वेळा पास व्हायचा. 2023 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्वाइन कॅम्पसमधल्या संशोधकांनी हजाराहून जास्त माणसांकडून कॅप्चा सोडवून घेतले, तर बॉट्स वेगातही आणि अचूकपणातही माणसांच्या पुढे. वर पैसे घेऊन कॅप्चा सोडवून देणाऱ्या सेवा आहेतच. म्हणजे ज्याला आत शिरायचंच आहे तो शिरतो, आणि अडकतो तो स्क्रीन रीडरवाला.

मग करायचं काय? समजा एका छोट्या साइटचा नोंदणीचा फॉर्म आहे आणि त्यावर स्पॅम येतोय. पहिलं, एक लपवलेला रकाना टाका, बॉट तो भरतो, माणसाला तो दिसतच नाही:

```html
<div style="display:none">
  <label for="x_note">हा रकाना रिकामा सोडा</label>
  <input id="x_note" name="x_note"
         autocomplete="off" tabindex="-1">
</div>
```

इथे एक चूक फार होते. `display:none` न वापरता तो रकाना `left:-9999px` करून नुसता स्क्रीनबाहेर ढकलतात. डोळ्याला तो दिसत नाही, पण स्क्रीन रीडर तो व्यवस्थित वाचतो, माणूस बिचारा भरतो आणि बॉट ठरतो, तेही कुठलाच मेसेज न येता. रकान्याचं नाव `email` किंवा `phone` पण ठेवू नका, ब्राउझर स्वतःच भरून टाकतो.

दुसरं, फॉर्म कधी उघडला ती वेळ सर्व्हरने सही करून फॉर्मसोबत पाठवायची आणि सबमिट होताना तपासायची. दोन-तीन सेकंदात आख्खा फॉर्म आला तर संशय घ्यायचा. फक्त संशय, नकार नाही, कारण ऑटोफिल वापरणारी माणसंही झटपट भरतात. आणि फॉर्म भरायला जास्तीत जास्त किती वेळ द्यायचा ती मर्यादा कमी ठेवू नका, आम्हाला फॉर्म ऐकत ऐकत भरायला वेळ लागतो. त्याच्या जोडीला एका आयपी पत्त्यावरून तासाला किती नोंदण्या चालतील याची मर्यादा.

या तिन्ही गोष्टींचा माणसाला पत्ताही लागत नाही, आणि सहज फिरणारे बॉट्स बरेचसे इथेच गळतात. जो खास तुमच्याच साइटच्या मागे लागलाय तो यातून पार होईल, हे मान्य. त्यासाठी ब्राउझरकडूनच मागच्या मागे गणित करून घेणारी प्रूफ ऑफ वर्क पद्धत आहे, ऑल्टचा त्यातलीच, माणसाला काही सोडवावं लागत नाही. जुन्या फोनवर ती हळू चालते, म्हणून गणित फार अवघड ठेवायचं नाही.

आणि एवढ्यावरही कुणी संशयित ठरलाच तर त्याला कोडं घालू नका, ईमेलवर लिंक पाठवा. लिंक दाबली की नोंदणी पक्की. कोड पाठवणार असाल तर तो पेस्ट करता आला पाहिजे, सहा चौकटींत एकेक अंक टाकायला लावणारे डिझाइन बऱ्याचदा पेस्टच घेत नाहीत, आणि अर्ध्या मिनिटात संपणारा कोड मेल उघडून ऐकेपर्यंतच संपतो.

"पण आमचा कॅप्चा नियमात बसतो" असंही ऐकलंय. वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात म्हणून केलेल्या, ऑक्टोबर 2023 मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी 2.2 या नियमावलीतला 3.3.8 हा निकष लॉगिनला कोडी घालू नका म्हणतो खरा, पण एए या मधल्या पातळीवर वस्तू ओळखण्याच्या चित्रांना त्यात सूट आहे, ती सूट 3.3.9 मध्ये, म्हणजे एएए या सगळ्यात कडक पातळीवर, जाते. त्यामुळे एए पास झालेल्या साइटवरही माझ्यासारखीचं लॉगिन अडकू शकतं.

तुमच्या साइटवर काय होतंय ते बघायचं तर एनव्हीडीए फुकट आहे, तो सुरू करा, मॉनिटर बंद करा, माउस बाजूला ठेवा आणि आपलाच फॉर्म शेवटपर्यंत भरून बघा. आणि अडकलेल्या माणसाला कळवता यावं म्हणून तिथेच एक साधा ईमेल पत्ता लिहून ठेवा. संपर्काचा फॉर्म नको, बहुतेक ठिकाणी त्यालाही तोच कॅप्चा लावलेला असतो.