कॅबिनेटला उदबत्ती

मी लग्नांचे व्हिडिओ जोडून देतो. लग्न कोणाचंही असो, शिक्षा मानेवाड्यात आमच्या घरी माझ्या कॉम्प्युटरला होते.

उन्हाळ्याच्या दुपारी रेंडर लावला की दहा मिनिटांत तो पिठाच्या गिरणीसारखा घोंघावायचा आणि मग एकदम सुस्तावायचा. हळदीचं वीस मिनिटांचं काम दीड तास चालायचं. प्रोसेसरचं तापमान पाहिलं तर ९७ अंश. एवढा तापला की तो जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. दुपारी बारा ते चार अख्खं नागपूर तेच करतं, त्यामुळे मला त्याचा राग आला नाही. पण नवरीच्या बापाला हे कसं सांगणार?

मग घराण्यात चालत आलेला उपाय केला. कॅबिनेटची बाजूची पाटी काढली आणि समोर टेबलफॅन ठेवला. तापमान लगेच उतरलं. पण आमच्या गल्लीत सिमेंट रस्त्यासाठी खोदकाम चालू होतं. चार दिवसांत मदरबोर्डवर बोटाने सही करता येईल इतकी माती बसली. पाटी परत लावली.

तेव्हा सीताबर्डीवरून १२० मिलिमीटरचे दोन फॅन आणले. गरम हवा वर जाते हे शाळेत शिकलो होतो, आणि शाळेतलं तेवढं एकच लक्षात असल्यामुळे त्याचा उपयोग करायची खुमखुमी होती. दोन्ही फॅन कॅबिनेटच्या छतावर लावले, हवा बाहेर फेकणारे. मागे एक आधीपासून होताच, तोही बाहेर फेकणारा. वर हात धरला तर इस्त्रीच्या दुकानासमोर उभं राहिल्यासारखी झळ. रेंडर लावला, तापमान ८६. दोन दिवस मी बायकोकडे अर्धवट हसून बघत होतो.

तीन आठवड्यांनी कॅबिनेट उघडलं. ग्राफिक्स कार्डवर राखाडी गोधडी. प्रोसेसरच्या कूलरच्या पत्र्यांमध्ये बोळे. यूएसबीच्या खाचांत कापूस. आणि पुढची धूळ गाळायची जाळी? दुकानातून आली तशी कोरी करकरीत!

इथे माझी ट्यूब पेटायला हवी होती. पेटली आईची. ती दारात उभी राहून म्हणाली, "स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट लावला का दाराच्या फटीतून धूळ येऊन राह्यते, म्हणून तर मी पायपुसणं कोंबते. तुह्या डब्यात पायपुसणं कुठी हाय?"

तीन फॅन हवा बाहेर ढकलत होते आणि आत आणणारा एकही नव्हता. जेवढी बाहेर गेली तेवढी कुठून तरी आत येणारच, आणि हवा सोपी वाट धरते. पुढच्या जाळीतून गाळून येण्यापेक्षा मागच्या स्लॉटच्या पट्ट्यांमधल्या फटी, यूएसबीची भोकं, पत्र्यांचे सांधे तिला सोपे. तिथे जाळी नाही. आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी, याला निगेटिव्ह प्रेशर म्हणतात. आम्ही याला पायपुसणं म्हणतो.

खात्री करायला देवघरातून उदबत्ती आणली. कॉम्प्युटर चालू ठेवून ती मागच्या स्लॉटच्या फटीजवळ धरली. धूर सरळ वर जायचा तो वाकला आणि आत शिरला. यूएसबीपाशी धरली, तिथेही आत. मी कॅबिनेटभोवती उदबत्ती हळूहळू फिरवत होतो, तेवढ्यात शेजारच्या काकू वाटीभर साखर मागायला आल्या. त्यांनी चपला काढल्या, हात जोडले आणि म्हणाल्या, "नवीन घेतला का भाऊ?"

रविवारी डावपेच उलटा केला. छतावरचे दोन्ही फॅन काढून पुढे जाळीमागे लावले, हवा आत आणणारे. मागचा एकटा बाहेर फेकणारा. छतावरची रिकामी भोकं साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्याने झाकली. आता दोन आणतात, एक फेकतो. जाळीमुळे पुढच्या दोघांचा जोर थोडा मरतो, तरी आत हवा उरते आणि ती फटींतून बाहेर पडते. फट तीच, पण हवा बाहेर येतेय म्हटल्यावर धूळ आत कशाने जाणार?

चालू केलं तर तापमान ९२! उदबत्ती फिरवली तर पुढच्या एका फॅनपाशी धूर आमच्या तोंडावर. फॅन उलटा बसला होता. शेजारचा जी हवा आत आणायचा, ती हा इमानदारीने परत बाहेर नेऊन टाकायचा. ज्या बाजूला मोटर धरून ठेवणाऱ्या दांड्या असतात त्या बाजूने हवा बाहेर पडते, आणि काही फॅनच्या कडेवर चक्क बाण कोरलेला असतो. आमच्यावर होता. चष्मा लावल्यावर दिसला.

फिरवून लावला. तापमान ८५.

म्हणजे तीन फॅन बाहेर फेकत होते तेव्हा ८६, आता ८५. एका अंशासाठी आख्खा रविवार गेला म्हणून बायको हसली. मला मात्र तेव्हाच कळलं की या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. तापमान हवा किती फिरते यावर ठरतं, आणि धूळ हवा कुठून येते यावर. दाब पॉझिटिव्ह केला म्हणून प्रोसेसर थंड होत नाही. फक्त पत्र्यांत बोळे बसून तो महिन्याभराने पुन्हा तापणं टळतं. आणि खोलीत ४० अंश असताना ५० अंशांची हवा कुठलाही फॅन ३० ची करून देत नाही. खोली दहा अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण दहा अंशांनीच चढतो.

तीन आठवड्यांनी परत उघडलं. आत पावडर लावल्यासारखा हलका थर होता, पण गोधडी नव्हती. आणि पुढची जाळी मात्र वहाणेच्या तळासारखी झाली होती. इतका आनंद मला घाण पाहून कधी झाला नाही.

तो आनंद आवरायला हवा होता. मी जाळी तशीच ठेवली, जणू बक्षीस मिळालंय. नवतपा लागला आणि तापमान हळूहळू ९१ वर गेलं. उदबत्ती घेऊन मागे गेलो तर धूर पुन्हा आत! जाळी तुंबली, पुढचे फॅन गुदमरले आणि मागचा एकटा पूर्ण जोरात फेकत राहिला. फॅन दोनाला एक असले तरी हिशोब उलटला होता. फॅन किती हे महत्त्वाचं नाही, हवा किती आली ते. तेव्हापासून जाळी दर रविवारी नळाखाली धुऊन, पूर्ण वाळवून लावतो. बाल्कनीतल्या दोरीवर मोज्यांशेजारी ती लटकत असते आणि येणारा-जाणारा विचारतो.

शेवटी कॉम्प्युटर आईच्या खोलीत, कूलरपासून हाताभर लांब नेला. अगदी झोतात ठेवत नाही. कूलर कधी थेंबही उडवतो आणि ओलसर धूळ पत्र्यावर चिखलासारखी चिकटते. तिथे खोली ३३ वर असते, प्रोसेसर ७८.

काल दुपारी रेंडर चालू असताना पाहिलं, तर दारावरचा पडदा सारखा बाहेर फुगत होता. खिडकीतला कूलर हवा आत ढकलतोय, ती दारातून निघतेय. मी आईला म्हटलं, "बघ, आपल्या घरातही पॉझिटिव्ह प्रेशर."

"ते राहू दे," आई म्हणाली. "ताटी वाळली, कूलरमधी पाणी टाक."